टाळ कुठे गेले?

आमच्या शेजारच्या काकांनी जुनी गाडी काढून दुसरी, थोडी वापरलेली गाडी घेतली. इंजिन उत्तम, एसी उत्तम, तक्रार फक्त टेपची. (त्यात कॅसेट घालायची सोय नाही, पण काकांच्या तोंडी गाडीत जे वाजतं तो टेप.) जुन्या गाडीत ते फोनला वायर लावून गाणी ऐकत. नवा फोन घेतला तर त्याला हेडफोनचं भोकच नाही, म्हणून ब्लूटूथवर आले. "अरे, अभंगातले टाळ पितळेचे वाटतच नाहीत. कुणीतरी पत्र्याचा डबा बडवतंय असं वाटतं. आणि गंमत म्हणजे रेडिओच्या जमान्यातली भावगीतं अगदी छान वाजतात. स्पीकर गेलाय म्हणावं तर तसंही नाही."

स्पीकर गेला नव्हता, आणि काकांचे कानही गेले नव्हते. पण भावगीत छान आणि टाळ मात्र पत्र्याचे, या त्यांच्या जाता जाता केलेल्या निरीक्षणात सगळं उत्तर दडलेलं होतं. ते माझ्या लक्षात यायला दोन रविवार गेले.

आधी गाणं फोनमधून स्पीकरपर्यंत कसं जातं ते पाहू. कुठल्याही अ‍ॅपवरचं गाणं आपल्या फोनमध्ये येतं ते दाबून बसवलेल्या रूपात. फोन ते उलगडतो. उलगडलेला आवाज सीडीच्या तोडीचा असेल, तर त्यात सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, आणि डावा-उजवा असे दोन कप्पे असतात. गुणाकार केला की सेकंदाला सुमारे १४ लाख ११ हजार बिट होतात. वायर लावली असेल तर हे आकडे फोनमध्ये किंवा वायरच्या टोकाच्या छोट्या कन्व्हर्टरमध्ये विजेच्या लहरींत बदलतात, आणि त्या लहरी तारेतून टेपकडे जातात. मध्ये पुन्हा दाबणं नाही, पुन्हा उलगडणं नाही.

ब्लूटूथवर मात्र उलगडलेलं गाणं फोनला परत दाबावं लागतं. मूळ फाइल जशीच्या तशी हवेतून का पाठवत नाहीत, असा प्रश्न मलाही पडायचा. पण फोनला गाण्याबरोबर मेसेजची टिंग आणि नकाशाची 'उजवीकडे वळा' अशी सूचनाही त्याच आवाजात मिसळायची असते. मिसळायचं तर आधी सगळं उलगडायला हवं, आणि मिसळून झालं की पाठवण्यासाठी नव्यानं बांधायला हवं. ही दुसरी बांधणी कशी करायची याच्या ठरलेल्या पद्धतीला कोडेक म्हणतात. फोन बांधतो, गाडी सोडते. दोघांनाही तीच पद्धत यायला हवी.

एवढं दाबायची गरज का, याचं उत्तर इतिहासात आहे. ब्लूटूथवरून स्टिरिओ संगीत पाठवण्याचे नियम २००३ साली ठरले. त्या नियमावलीचं नाव ए-टू-डी-पी. तेव्हाचा ब्लूटूथ कागदावर सेकंदाला दहा लाख बिटांचा होता. प्रत्यक्षात एका दिशेनं जास्तीत जास्त सात लाख तेवीस हजार जात, तेही वाटेत काही हरवलं नाही तर. म्हणजे सीडीचा आवाज त्या नळीत मावणं शक्यच नव्हतं. आणि तेव्हाच्या छोट्या उपकरणांत एमपीथ्रीसारखं गुंतागुंतीचं गणित सतत करत बसायची ताकद नव्हती, बॅटरीही नव्हती. म्हणून एक साधी, हलकी पद्धत निवडली: एसबीसी. फिलिप्समधल्या आधीच्या संशोधनावर ती बेतलेली होती. नियम असा केला की संगीताचा ब्लूटूथ असलेल्या प्रत्येक उपकरणाला एसबीसी आलंच पाहिजे, बाकीच्या पद्धती ऐच्छिक. त्यामुळे कुठलाही फोन कुठल्याही गाडीशी बोलू शकतो. दोघांची दुसरी कुठलीच भाषा जुळली नाही तर ते एसबीसीवर येतात.

माझा पहिला संशय अर्थातच या एसबीसीवर गेला. इंटरनेटवर त्याची एवढी बदनामी आहे की संशय दुसरीकडे जातच नाही. पण संशय घेण्याआधी एक काम करायला हवं होतं, आणि आळसानं ते राहिलं असतं तर पुढचं सगळं फोल झालं असतं. दोन्ही बाजूंचा आवाज सारखा करणं.

काकांच्या गाडीत ऑक्सचं भोक अजून होतं. बाजारातून कन्व्हर्टर असलेली वायर आणली. फोनवर एक हजार हर्ट्झचा एकसुरी आवाज लावला, फोनचा व्हॉल्यूम पूर्ण ठेवला, टेपचा १८ वर, आणि दुसऱ्या फोनवरचं आवाज मोजायचं अ‍ॅप ड्रायव्हरच्या डोक्याच्या जागी धरलं. वायरवर ७८ डेसिबल, ब्लूटूथवर ७३. असली अ‍ॅपं खरा आकडा सांगण्यात कच्ची असतात, पण दोन आवाजांतला फरक मोजायला पुरतात. म्हणजे काका इतके दिवस वायरच्या आठवणीची तुलना पाच डेसिबल हळू वाजणाऱ्या ब्लूटूथशी करत होते.

पाच डेसिबल फार नाहीत. पण आपला कान विचित्र आहे. आवाज हळू झाला की तो सगळ्या सुरांना सारखा कमी ऐकत नाही. खालचा खर्ज आधी हरवतो, अगदी वरच्या टोकाचंही थोडं कमी होतं, आणि मधलं तेवढं उरतं. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली याचे आलेख काढले आणि ते आजही शिकवले जातात. फरक थोडा असला की तो आपल्याला 'आवाज कमी आहे' असा जाणवतच नाही. 'जीव नाही', 'सपाट वाटतं' असा जाणवतो. ध्वनिमुद्रण करणाऱ्या माणसांना हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून ती दोन गोष्टींची तुलना आवाज जुळवल्याशिवाय करत नाहीत. दुकानदारांनाही ठाऊक असतं. ज्या स्पीकरचा नफा जास्त, तो जरा मोठ्यानं वाजतो.

ब्लूटूथवर आवाज हळू का होतो? फोनचा व्हॉल्यूम आणि गाडीचा व्हॉल्यूम या दोन वेगळ्या कळा आहेत. नव्या जोड्यांत त्या एकमेकींना बांधलेल्या असतात: फोन पूर्ण आवाज पाठवतो, आणि तुम्ही फोनवर बटण दाबलंत तरी प्रत्यक्ष कमी-जास्त गाडीच करते. जुन्या गाड्यांत हे बंधन नसतं. मग फोनचा व्हॉल्यूम अर्ध्यावर असेल तर गाडीला मुळातच अर्धमेला आवाज मिळतो, आणि तो ताणून मोठा करताना टेपची स्वतःची खरखरही मोठी होते. शिवाय बऱ्याच टेपमध्ये रेडिओ, ऑक्स, ब्लूटूथ यांचे बास-ट्रेबल वेगवेगळे लक्षात ठेवलेले असतात. काकांच्या टेपमध्ये ऑक्सवर ट्रेबल दोन घरं वर होती, आधीच्या मालकाची कृपा. ती शून्यावर आणली. ब्लूटूथचा व्हॉल्यूम दोन्ही आकडे जुळेपर्यंत वाढवला.

मग काकांना मागच्या सीटवर पाठ करून बसवलं आणि मी पुढे बसून कधी वायर, कधी ब्लूटूथ लावत गेलो. इंजिन बंद, काचा वर. आधी एक जुनं भावगीत, दहा वेळा. काकांनी पाच वेळा बरोबर ओळखलं. नाणं उडवूनही तेवढंच आलं असतं. "मग सगळं आवाजाचंच होतं म्हणायचं," काका जरा हिरमुसून म्हणाले. मग अभंग लावला. स्टिरिओत केलेलं अलीकडचं ध्वनिमुद्रण, डावीकडे टाळ, उजवीकडे पखवाज, मागे भरपूर माणसं. दहापैकी नऊ बरोबर. आवाज जुळवल्यावरही.

म्हणजे तक्रारीचा मोठा भाग आवाजाच्या पातळीचा होता, पण खाली खरं काहीतरी उरत होतं. आणि ते एकाच गाण्यात उरत होतं.

आता कोडेककडे वळायला हरकत नव्हती. अँड्रॉइड फोनवर हे बघता येतं. सेटिंग्जमध्ये 'फोनबद्दल' या पानावर `Build number` सात वेळा दाबला की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात, आणि गाणं सुरू असताना तिथल्या `Bluetooth Audio Codec` मध्ये काय चालू आहे ते दिसतं. काकांच्या गाडीशी जोडलेलं असताना तिथे `SBC` होतं. गाडीला दुसरं काही येतच नव्हतं. आयफोनवर हे कुठे दिसत नाही. तो संगीतासाठी दोनच पद्धती जाणतो, एएसी आणि एसबीसी, आणि गाडीला एएसी येत असेल तर तीच घेतो.

पण नुसतं 'एसबीसी' हे नाव कळून काही कळत नाही. तांदूळ म्हटल्यावर तो आंबेमोहोर की रेशनचा हे कुठे कळतं? एसबीसीत घट्ट किती दाबायचं हे दर जोडणीच्या वेळी ठरतं, आणि ते ठरवणाऱ्या आकड्याला बिटपूल म्हणतात. जोडणी होताना गाडी फोनला सांगते, मला इथपासून इथपर्यंतचा बिटपूल चालेल. फोन त्याच्या आत राहतो. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये `Enable Bluetooth HCI snoop log` चालू करून जोडणी केली, तर हा सगळा संवाद फाइलमध्ये उतरतो आणि संगणकावर वायरशार्क नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये वाचता येतो. प्रत्येकानं ही खटपट करावी असं अजिबात नाही. माझ्या अंगात ती खोड आहे, एवढंच. गाडीनं सांगितलं होतं:

```
Minimum Bitpool: 2
Maximum Bitpool: 35
```

नियमावलीत स्टिरिओसाठी चांगल्या दर्जाचा म्हणून सुचवलेला आकडा आहे ५३, आणि मध्यम दर्जाचा ३५. गाडीनं वरचं दार ३५ वर बंद करून टाकलं होतं. फोन कितीही महागाचा असो, त्या दारातून वाकूनच जाणार.

३५ म्हणजे नेमकं काय? एसबीसी आवाजाची उभी चाळण करतं. ऐकू येणाऱ्या सगळ्या पट्ट्याचे, खर्जापासून तारापर्यंत, आठ सारखे भाग पाडतं, प्रत्येक सुमारे २,७५० हर्ट्झचा. डाव्या बाजूचे आठ आणि उजव्या बाजूचे आठ असे सोळा खण झाले. मसाल्याच्या डब्याची कल्पना करा, फक्त सोळा वाट्यांचा. सीडीवर प्रत्येक नमुन्याला १६ बिट असतात. एसबीसीत या सोळा वाट्यांना मिळून एका फेरीत बिटपूलएवढेच बिट मिळतात: ५३ किंवा ३५. ५३ असतील तर वाटीमागे सरासरी तीनच्या वर, ३५ असतील तर दोनच्या जरा वर. एक बिट म्हणजे ढोबळमानानं सहा डेसिबल, असा हिशेब आहे. वाटीत जितके बिट जास्त, तितका त्या पट्ट्यातला खडबडीतपणा खाली.

हे वाटप समसमान नसतं, आणि तेच बरोबर आहे. गाण्याचा जोर बहुतेक खालच्या पट्ट्यांत असतो. गायकाचा गळा, पेटी, पखवाजाची धुमाळी, सगळं पहिल्या दोन-तीन वाट्यांत. म्हणून त्यांना सहा-सहा, सात-सात बिट जातात. वरच्या वाट्यांत आवाज बारीक असतो, त्यांना उरलंसुरलं. आणि एसबीसीचा एक कडक नियम आहे: वाटीला एक बिट देता येत नाही. द्यायचे तर किमान दोन, नाहीतर शून्य. बिट संपले की वरच्या वाट्या रिकाम्या जातात, आणि रिकामी वाटी म्हणजे त्या पट्ट्यात शांतता.

टाळाचा नाद नेमका तिथे असतो. दोन पितळी वाट्या एकमेकींवर आपटतात तेव्हा आघाताची चमक आठ-दहा हजार हर्ट्झच्या वर दूर पसरते, आणि नंतर जी लांब रुणझुण राहते तीही तिथेच. खालचा भाग राहिला आणि वरचा गेला तर टाळ ऐकू येतात, ताल कळतो, पण पितळ जातं. त्यातून हे वाटप दर तीन हजारांश सेकंदाला नव्यानं होतं. एका क्षणी पखवाजावर थाप पडते, सगळे बिट खाली ओढले जातात, टाळाची वाटी रिकामी. पुढच्या क्षणी थाप विरते आणि टाळ परत उजळतात. ही उघडझाप एवढी भराभर होते की ती उघडझाप म्हणून कळत नाही. कडांना एक ओलसर फुसफुस वाटते. पत्र्याचा डबा!

आकड्यांत पाहायचं तर या एका छोट्या तुकड्याचा मूळ आवाज ५१२ बाइटांचा असतो. बिटपूल ५३ असताना त्याची पुडी ११९ बाइटांची होते, ३५ असताना ८३ ची. पण कुठल्याही पुडीत १२ बाइट नुसत्या लेबलाला आणि प्रत्येक वाटीची उंची लिहायला जातात. म्हणून खऱ्या मालाची तुलना १०७ विरुद्ध ७१ अशी होते. तिसरा हिस्सा गेला. सेकंदाच्या हिशेबात ३२८ हजार बिटांवरून २२९ हजारांवर.

आणि भावगीत? इथे काकांचं निरीक्षण कामी आलं. रेडिओच्या जमान्यातली ती ध्वनिमुद्रणं मोनो. डावीकडे जे, तेच उजवीकडे. एसबीसीच्या जॉइंट स्टिरिओ नावाच्या प्रकारात डावा आणि उजवा वेगवेगळे पाठवण्याऐवजी दोघांची बेरीज आणि दोघांतला फरक पाठवता येतो. मोनो गाण्यात फरक शून्य. म्हणजे फरकाच्या वाट्यांना जवळजवळ काहीच द्यावं लागत नाही, आणि पस्तीसच्या पस्तीस बिट बेरजेच्या आठ वाट्यांना मिळतात, वाटीमागे चारच्या वर. भर म्हणजे त्या काळच्या मुद्रणात फार वरचे सूर मुळात कमीच. त्यामुळे जुनं भावगीत याच दारातून ताठ मानेनं जातं, आणि स्टिरिओत पसरलेला अभंग वाकतो. अभंगात फरकाच्या वाट्यांतही माल असतो, आणि बिट कमी पडले की आधी तिथली कपात होते. म्हणून नुसते टाळच नाही, तर डावीकडून उजवीकडे पसरलेली दिंडी आक्रसून मधोमध येते. 'सपाट' हा शब्द लोक वापरतात तो इथे अक्षरशः खरा आहे.

गाडी बनवणाऱ्यानं ३५ का ठेवले असतील? माझा अंदाज वाईट हेतूचा नाही. गाडीतला टेप गाडी बाजारात येण्याच्या बऱ्याच आधी ठरतो, आणि त्याची परीक्षा 'किती गोड वाजतो' यापेक्षा 'तुटतो का' यावर होते. गाणं मध्येच तुटलं की गिऱ्हाईक शोरूममध्ये येऊन भांडतं. टाळ मळके वाटले म्हणून कुणी येत नाही, आमच्या काकांसारखे अपवाद सोडले तर. ब्लूटूथ ज्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो त्यातच वायफाय हॉटस्पॉटही चालतो, आणि फोन मागच्या खिशात असेल तर माणसाच्या शरीरातलं पाणी या लहरी बऱ्यापैकी शोषतं. पुडी लहान ठेवली तर हरवलेली पुडी परत पाठवायला वेळ उरतो.

"मग फोन बदलू का?" काकांनी विचारलं. मुलानं त्यांना सांगितलं होतं की एलडीएसी असलेला फोन घ्या, तो सेकंदाला नऊ लाख नव्वद हजार बिट पाठवतो. पाठवतो, हे खरं. सोनीची ही पद्धत २०१७ पासून, म्हणजे अँड्रॉइड ८ पासून, बहुतेक अँड्रॉइड फोनांत असते. पण उलगडणारी गाडी नको का? कंपनीतून बसवून येणाऱ्या बहुतेक टेपांत एसबीसी आणि फार तर एएसी असतं. एलडीएसी किंवा क्वालकॉमचं एपीटीएक्स बाहेरून विकत घेऊन बसवायच्या काही टेपांत मिळतं. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात १९८०च्या दशकात जन्मलेलं एपीटीएक्स ब्लूटूथवर सेकंदाला ३५२ हजार बिटांनी चालतं, म्हणजे चांगल्या एसबीसीहून फार पुढे नाही. एएसी मात्र तेवढ्याच किंवा कमी बिटांत जास्त हुशारीनं दाबतं, कारण कुठला सूर कुठल्या सुराआड लपेल याचं गणित ते करतं. एसबीसीला ते जमत नाही. अडचण एवढीच की अँड्रॉइडवर एएसी किती चांगलं बांधलं जाईल हे फोनागणिक बदलतं. आयफोनवर ते भरवशाचं आहे. तेव्हा गाडीत एएसी असेल आणि फोन अँड्रॉइड असेल, तर ब्लूटूथच्या यादीत गाडीच्या नावापुढचं `HD audio: AAC` चालू-बंद करून कानांनी ठरवावं. नावावर जाऊ नये.

एक वेगळाच दोष याच तक्रारीच्या वेशात येतो, तो माझ्या बहिणीच्या गाडीत सापडला. तिचं गाणं सपाट नव्हतं, चक्क टेलिफोनमधून येत होतं. मधूनच चांगलं, मधूनच खोल विहिरीतून. ब्लूटूथवर संगीताची वाट वेगळी आणि फोन कॉलची वेगळी. कॉलच्या वाटेवर जुन्या पद्धतीत सेकंदाला फक्त आठ हजार नमुने जातात, म्हणजे चार हजार हर्ट्झच्या वरचं काही उरत नाही, आणि स्टिरिओ तर नाहीच. तिच्या नकाशाच्या अ‍ॅपमध्ये सूचना फोन कॉलसारख्या ऐकवायचा पर्याय चालू होता. दर वळणाला गाडीला वाटे की फोन आला. तो बंद केला आणि विहीर बुजली. गाडीच्या ब्लूटूथ यादीत फोनपुढे 'कॉल' आणि 'मीडिया' अशा दोन खुणा असतात. त्यातली मीडियाची गळली की सुद्धा असलेच घोळ होतात.

वायरचीही बाजू पूर्ण निर्मळ नाही, हे सांगायला हवं. ऑक्सच्या वायरबरोबर फोन गाडीच्या चार्जरला लावला की बहुतेक वेळा एक घूं ऐकू येते आणि ती इंजिनाच्या गतीबरोबर चढते-उतरते. चार्जरची वायर आणि ऑक्सची वायर यांची जमीन दोन वाटांनी जोडली जाते आणि त्या वेटोळ्यात इंजिनाच्या विजेची खरखर शिरते. चार्जर काढला की गेली. फोनला लावायचा कन्व्हर्टरही बरावाईट असतो. या कटकटी नको असतील तर टेपच्या यूएसबीत पेनड्राइव्ह लावावा: फाइल गाडी स्वतः एकदाच उलगडते, दुसऱ्यांदा बांधणं नाहीच. आणि नव्या गाड्यांतल्या बिनवायरच्या अँड्रॉइड ऑटोला किंवा कारप्लेला लोक 'ब्लूटूथ' म्हणतात, पण तिथे ब्लूटूथ फक्त ओळख करून देतो. गाणं वायफायवरून येतं, त्यामुळे बिटपूलचं हे सगळं रडगाणं तिथे लागू होत नाही.

चाचणी संपल्यावर आम्ही गाडी काढून बाह्यवळणावर गेलो. ऐंशीच्या वेगात टायरची घरघर, वाऱ्याचा आवाज, मागून ट्रकचे हॉर्न. मी पुन्हा वायर आणि ब्लूटूथ आलटून पालटून लावले. तोच अभंग, त्याच पातळीवर. काकांना या वेळी दहापैकी सहा ओळखता आले, आणि त्यातले दोन मी बटण दाबल्याची टिक ऐकून ओळखल्याचं त्यांनी नंतर कबूल केलं.

आता काकांनी पेनड्राइव्ह भरून घेतलाय, त्यात फक्त अभंग. प्रवासात ब्लूटूथ चालू असतो, नकाशाला आणि मुलीच्या फोनला तो लागतोच. पेनड्राइव्ह लागतो तो संध्याकाळी, सोसायटीच्या आवारात, गाडी लावून झाल्यावर. काचा वर करून काका तिथेच पंधरा-वीस मिनिटं बसतात. काकूंचा एकदा फोन आला, जेवायचं काय म्हणून. गाडीनं गाणं थांबवून फोन स्पीकरवर घेतला, आणि काका म्हणाले, "दोन मिनिटं, आत्ताच टाळ चांगले लागलेत."